साठ मीटर, पण कुठल्या दिशेने?

भारतातल्या कोळसा खाणींसाठी १९५७ साली जी नियमावली आली, तिच्यातला १२७ क्रमांकाचा नियम पाण्याविषयी होता. जवळपास एखादं जुनं खोदकाम असेल आणि त्यात पाणी साचलेलं नाही याची कुणी खात्री करून घेतलेली नसेल, तर चालू काम त्याच्यापासून साठ मीटरच्या आत आलं की थांबायचं. पुढे जायचं तर वरून लेखी परवानगी हवी. नियम लिहिणाऱ्यांनी त्याखाली एक स्पष्टीकरणही जोडलं होतं: दोन खोदकामांमधलं अंतर म्हणजे सगळ्यांत कमी अंतर, मग ते आडवं भरो, उभं भरो की तिरकं.

हे स्पष्टीकरण वाचायला सोपं आहे, पाळायला नाही. नकाशावर पट्टी ठेवली तर आडवं अंतर कळतं. दोन ठिकाणांच्या उंचीतला फरक काढला तर उभं अंतर कळतं. पण जमिनीखाली शंभर-दोनशे मीटरवर, कुणी पाहिलेला नाही अशा कलत्या थरापर्यंतचं तिरकं अंतर मोजायला टेप कुठून कुठे धरायचा? तिथे टेप उपयोगी पडत नाही, तिथे समीकरण लागतं. बारावीच्या गणिताच्या पुस्तकात ‘रेषा आणि प्रतल’ या प्रकरणात जे सूत्र मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात, नेमकं तेच.

नियमामागचं भय खरं आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या खोदकामात साठलेलं पाणी मधला कोळशाचा आणि खडकाचा अडसर फोडून खाली काम चालू होतं तिथे घुसलं. मृतांचा अधिकृत आकडा ३७५ आहे. यश चोप्रांचा १९७९ चा ‘काला पत्थर’ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या पाण्याची कल्पना आहे. चासनालाची दुर्घटना एका चुकलेल्या गणितामुळे झाली असं म्हणणं खोटं ठरेल; अशा घटनांची कारणं अनेक असतात. पण तिथले थर तीव्र उताराचे आहेत, आणि उतार जितका तीव्र तितकं ‘अंतर म्हणजे नक्की कुठलं अंतर’ हा प्रश्न टोकदार होतो. ते कसं, हे आकड्यांनीच पाहावं लागेल.

त्यासाठी विदर्भात येऊ. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी हा सगळा वर्धा खोऱ्याचा कोळसापट्टा. इथल्या बहुतेक खाणी वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या आहेत. कोळसा आहे का, कुठे आणि किती खोल, हे आधी बोअर मारून शोधलं जातं. बोअरमधून दगडाचा गोल दांडा, म्हणजे कोअर, बाहेर येतो. तो लांबट पेट्यांमध्ये क्रमाने मांडतात आणि किती खोलीला काय लागलं याची नोंद होते. एका बोअरवरून कळतं ते एवढंच की ह्या ठिकाणी, इतक्या मीटरवर कोळसा आहे. तो पुढे खाली जातो की वर येतो, हे एक बोअर सांगत नाही. दोन बोअर त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवरचा उतार सांगतात, पण त्या रेषेच्या डाव्या-उजव्या अंगाला थर कसा झुकला आहे ते गुपितच राहतं. तिसरा बोअर त्या रेषेपासून बाजूला मारला, की उतार ठरला. अर्थात त्या परिसरात थर सपाट आहे, कुठे दुमडलेला वा तुटलेला नाही, एवढं गृहीत धरून. अशा सपाट, हव्या तितक्या पसरलेल्या पृष्ठभागाला गणितात प्रतल म्हणतात आणि एका रेषेत नसलेले तीन बिंदू ते पूर्णपणे ठरवतात.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडलेले आहेत. खऱ्या खाणीत ते इतके गुळगुळीत नसतात. पहिला बोअर जिथे आहे ती जागा शून्य धरायची. तिथून पूर्वेकडे जितके मीटर गेलो ते x, उत्तरेकडे जितके गेलो ते y आणि समुद्रसपाटीपासूनची उंची z. दुसरा बोअर पहिल्यापासून २४० मीटर पूर्वेला आहे, तिसरा २४० मीटर उत्तरेला. वरच्या कोळशाच्या थराचा तळ पहिल्या बोअरमध्ये ६० मीटर खोलीला लागला, दुसऱ्यात ११८ ला आणि तिसऱ्यात १४३ ला.

इथे पहिला खड्डा आहे आणि नवशिके त्यात हमखास पडतात. हे खोलीचे आकडे तसेच्या तसे वापरायचे नसतात. खोली मोजली जाते ती बोअरच्या तोंडापासून, आणि वरची जमीन काही सपाट नसते. पहिल्या बोअरपाशी जमिनीची उंची १९० मीटर आहे, दुसऱ्यापाशी १८८, तिसऱ्यापाशी १९३. म्हणून आधी प्रत्येक खोली जमिनीच्या उंचीतून वजा करायची. सर्व्हेअर मंडळी ज्याला ‘आरएल’ म्हणतात ती थराची उंची मग मिळते: पहिल्यात १३०, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ५०.

पुढचा भाग अगदी घरगुती हिशेबाचा आहे. पूर्वेकडे २४० मीटर गेल्यावर थर १३० वरून ७० वर आला, म्हणजे ६० मीटर उतरला. दर मीटरला पाव मीटर. उत्तरेकडे २४० मीटर गेल्यावर तो १३० वरून ५० वर आला, ८० मीटर उतरला. दर मीटरला एक तृतीयांश. थर सपाट असेल तर दोन्ही उतार सगळीकडे सारखेच लागू होणार. म्हणून x मीटर पूर्वेला आणि y मीटर उत्तरेला असलेल्या कुठल्याही जागी थराच्या तळाची उंची अशी:

z = १३० − x/४ − y/३

दोन्ही बाजूंना १२ ने गुणून अपूर्णांक घालवले आणि अक्षरं एका बाजूला आणली, की प्रतलाचं नेहमीच्या वेषातलं समीकरण उभं राहतं:

३x + ४y + १२z = १५६०

या ओळीत तो अख्खा थर बसला. पूर्वेला १२० मीटर आणि उत्तरेला १८० मीटर गेलो तर कोळसा कुठे लागेल, हे बोअर न मारता सांगता येतं: १३० मधून ३० गेले, ६० गेले, उरले ४०. तिथे जमीन १९१ मीटरवर असेल तर १५१ मीटर खोलीला थराचा तळ लागायला हवा. हे झालं भाकीत. ते खरं ठरतं का, याकडे नंतर येऊच.

पाठ्यपुस्तकात हेच समीकरण सदिशांच्या गुणाकाराने काढायला शिकवतात. पहिल्या बिंदूकडून दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे जाणारे दोन सदिश घ्यायचे, त्यांचा फुली-गुणाकार करायचा, की दोघांनाही लंब असणारी दिशा मिळते. उत्तर तेच येतं: १४४००, १९२०० आणि ५७६००, म्हणजे ४८०० ने भागलं की ३, ४, १२. ही रीत यंत्रवत आहे आणि बोअर कसेही वाकडेतिकडे विखुरलेले असले तरी चालते. पण समीकरणाचा अर्थ कळायला उताराचा हिशेबच बरा.

x, y, z ला लागलेल्या ३, ४ आणि १२ या आकड्यांमध्ये बरंच काही दडलेलं आहे. पूर्वेकडे ३, उत्तरेकडे ४ आणि वर १२ असं पाऊल टाकलं, तर ते थराच्या पृष्ठभागाला बरोबर काटकोनात पडतं. ह्या दिशेला अभिलंब म्हणतात. तिच्यातला आडवा भाग, म्हणजे पूर्वेकडे ३ आणि उत्तरेकडे ४, थर कुठल्या बाजूला उतरतो ते दाखवतो: साधारण ईशान्येला, थोडा उत्तरेकडे झुकून. तीन आणि चारचा कर्ण पाच, म्हणून त्या दिशेने आडवे १२ मीटर गेलो की थर ५ मीटर उतरतो. भूवैज्ञानिक ज्याला डिप म्हणतात तो कोन इथे सुमारे २२.६ अंश भरतो. वर्धा खोऱ्याच्या मानाने हा उतार जरा जास्तच धरला आहे, पण तो मुद्दाम.

आता मूळ प्रश्न. समजा ह्या वरच्या थरात फार वर्षांपूर्वी खोदकाम होऊन गेलं आहे आणि आज तिथे पाणी असण्याची शक्यता आहे. त्याच्या खाली दुसरा थर आहे आणि त्यात नवं भुयार चालू आहे. भुयाराच्या छताचा एक बिंदू घेऊ: पूर्वेला २००, उत्तरेला ९०, आणि उंची वजा १३ मीटर. वजा म्हणजे समुद्रसपाटीच्याही खाली. त्या बिंदूच्या बरोबर डोक्यावर वरच्या थराचा तळ किती उंचीला आहे? १३० मधून ५० आणि ३० गेले, ५० मीटर. म्हणजे उभं अंतर ६३ मीटर. साठपेक्षा जास्त, कागद पुढे सरकायला हरकत नाही असं वाटावं.

पण थर कलता आहे. उतरत्या पत्र्याच्या छपराखाली उभं राहून डोक्यावर सरळ बोट दाखवलं तर पत्रा जिथे लागतो, तो काही आपल्याला सगळ्यांत जवळचा पत्रा नसतो. जवळचा असतो तो उताराच्या बाजूला, खाली आलेला. तिथवरचं अंतर पत्र्याला काटकोनात मोजलं जातं. खाणीतही सगळ्यांत कमी अंतर म्हणजे थरावर टाकलेला लंबच. तो किती भरतो?

त्यासाठी समीकरणाकडे जरा वेगळ्या नजरेने बघावं लागतं. ३x + ४y + १२z ह्या पदावलीत अवकाशातला कुठलाही बिंदू टाकला तरी एक संख्या मिळते. ती १५६० आली तर बिंदू थराच्या तळावर आहे. १५६० पेक्षा जास्त आली तर तो वर आहे, कमी आली तर खाली. संख्या जितकी दूर, तितका बिंदूही दूर. अडचण एवढीच की ही दूरता मीटरमध्ये नाही. मीटरचा दर काढायचा तर अभिलंबाच्या दिशेने एक पाऊल टाकून पाहायचं. पूर्वेकडे ३, उत्तरेकडे ४, वर १२ सरकलो, की पदावलीची किंमत ३ × ३ + ४ × ४ + १२ × १२ इतकी, म्हणजे १६९ ने वाढते. ह्या पावलाची लांबी किती? पायथागोरसप्रमाणे १६९ चं वर्गमूळ, १३ मीटर. तेरा मीटरला १६९, म्हणजे दर मीटरला १३. हा झाला विनिमयाचा दर.

भुयाराचा बिंदू पदावलीत टाकू. ६०० अधिक ३६० वजा १५६, बेरीज ८०४. १५६० पेक्षा ही ७५६ ने कमी, म्हणजे बिंदू खाली आहे हे कळलंच. ७५६ ला १३ ने भागायचं.

५८.१५ मीटर. काम साठच्या आत आलेलं आहे.

सर्वसाधारण सूत्र ह्याच हिशेबाचं अक्षरांतलं रूप आहे. प्रतल ax + by + cz = d असेल आणि बिंदू (x₀, y₀, z₀) असेल, तर

अंतर = |ax₀ + by₀ + cz₀ − d| / √(a² + b² + c²)

वरचा भाग म्हणजे ‘किंमत कितीने चुकली’, खालचा म्हणजे ‘एका मीटरला किंमत कितीने बदलते’. समीकरणाला आधीच अभिलंबाच्या लांबीने भागून ठेवलं तर पुन्हा पुन्हा भागाकार करावा लागत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ऑटो हेसे ह्या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ते रूप आजही ओळखलं जातं. सूत्रातल्या त्या दोन उभ्या रेघा चिन्ह पुसून टाकतात. परीक्षेत त्या आवश्यक असतील, पण खाणीत चिन्ह पुसण्यासारखी चूक नाही. वर आहे की खाली, ही माहिती फुकट मिळते आहे; ती ठेवावी.

ह्या उदाहरणातली सगळ्यांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. तेच ७५६ तीन वेगवेगळ्या संख्यांनी भागून पाहावं. सरळ वर जाताना दर मीटरला किंमत १२ ने वाढते: ७५६ भागिले १२, ६३ मीटर, हे उभं अंतर. आडव्या पातळीत थराच्या उताराच्या दिशेने जाताना दर मीटरला ती ५ ने वाढते: ७५६ भागिले ५, सुमारे १५१ मीटर, हे आडवं अंतर. आणि लंबाच्या दिशेने १३ ने: ५८.१५. एकाच बिंदूपासून एकाच थरापर्यंत तीन अंतरं, तिन्ही खरी. त्या पातळीचा नकाशा टेबलावर पसरून पट्टी ठेवणाऱ्याला वाटेल की अजून दीडशे मीटर हातात आहेत. नियमातल्या ‘आडवं, उभं की तिरकं’ ह्या शब्दांची किंमत इथे कळते.

उतार बदलला की ही तफावत किती बदलते, तेही पाहण्यासारखं आहे. डोक्यावरचं उभं अंतर ६३ मीटरच ठेवू. थर ५ अंशांनी कलता असेल तर लंब जवळजवळ ६२.८ मीटर भरतो. फरक नगण्य, आणि मंद उताराच्या भागात लोक उभ्या अंतरावर भागवतात ते ह्यामुळेच. ४५ अंशांना तो ४४.५ वर येतो. ६० अंशांना बरोबर निम्मा, ३१.५ मीटर. मंद उताराच्या खाणीत लागलेली सवय तीव्र उताराच्या खाणीत नेली, तर निम्मा अडसर कागदावरच हरवतो.

भुयार पुढे कुठल्या दिशेने न्यायचं, हेही हेच आकडे सांगतात. ईशान्येच्या त्या उतरत्या दिशेने आडवं भुयार १० मीटर पुढे गेलं तर किंमत ५० ने वाढते, म्हणजे थरापर्यंतचं अंतर ३.८५ मीटरने घटतं. त्याच्याशी काटकोनात, म्हणजे पूर्वेकडे ४ आणि दक्षिणेकडे ३ अशा प्रमाणात गेलं तर? ३ × ४ वजा ४ × ३, शून्य. अंतर बदलतच नाही. थराला समांतर, त्याच्या आडव्या अंगाने आपण चाललेलो असतो. डोंगराच्या अंगावर चढ-उतार न करता आडवी वाट जाते, ती हीच दिशा.

लंब थराला कुठे टेकतो, तेही काढावं, कारण सूत्राची एक मर्यादा तिथे उघडी पडते. ७५६ भागिले १६९ म्हणजे सुमारे ४.४७; अभिलंबाची तितकी पावलं बिंदूपासून टाकली की पूर्वेला २१३.४, उत्तरेला १०७.९ आणि उंची ४०.७ ही जागा येते. म्हणजे सगळ्यांत जवळचा धोका डोक्यावर नाहीच, तो आडवा २२ मीटर बाजूला, उताराकडे आहे. आता विचारायचं ते हे की तिथे जुनं खोदकाम खरंच आहे का? सूत्राच्या लेखी प्रतल अनंत पसरलेलं असतं. माणसांनी केलेलं खोदकाम कुठेतरी संपतं. लंबाचा पाय त्याच्या हद्दीत पडत असेल तर ५८.१५ हे खरं अंतर. हद्दीबाहेर पडत असेल तर खरं अंतर खोदकामाच्या सगळ्यांत जवळच्या कडेपर्यंतचं, आणि ते ह्याहून जास्त. सूत्राने दिलेलं अंतर जास्तीचं निघणार नाही, एवढा दिलासा आहे, पण तो थर खरोखर सपाट असेल तरच.

आणि थर सपाट आहे की नाही, हे तीन बोअर कधीच सांगू शकत नाहीत. तीन बिंदूंमधून प्रतल नेहमीच जातं. थर दुमडलेला असो, तुटलेला असो, समीकरण तितक्याच ऐटीत बाहेर पडतं. चूक पकडायला चौथा बोअर लागतो. वर केलेलं भाकीत आठवावं: पूर्वेला १२०, उत्तरेला १८०, उंची ४०. समजा तिथे बोअर मारला आणि थराचा तळ १५१ ऐवजी १५७ मीटरला लागला, म्हणजे उंची ३४. पदावलीत टाकलं तर १४८८ येतात. १५६० पेक्षा ७२ ने कमी, तेराने भागून साडेपाच मीटर. चौथा बिंदू प्रतलाच्या इतका खाली आहे. ह्याचा अर्थ काय लावायचा?

पहिला संशय मोजमापावर घ्यायचा. बोअरचा गज सरळ खाली जातो असं आपण धरतो, पण कठीण-मऊ थरांतून जाताना तो वाकतो. दोन अंशांनी जरी कलला तरी १५० मीटर खोलीला तो पाच मीटर बाजूला गेलेला असतो, आणि मग आपण x, y चुकीचे धरतो. ह्या उदाहरणातल्या उतारावर पाच मीटर बाजूला म्हणजे जास्तीत जास्त दोन-एक मीटर वर-खाली. साडेपाच मीटरचं कोडं त्याने सुटत नाही. दुसरा संशय कोअरवर. कोळसा ठिसूळ; वर येताना त्याचा भुगा होतो, काही भाग पाण्याबरोबर वाहून जातो आणि तळ नेमका कुठे होता ते धूसर होतं. म्हणून बोअरमध्ये उपकरण सोडून घनता आणि नैसर्गिक गॅमा किरणांची नोंद घेतात. कोळसा आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका असतो आणि त्याची गॅमा पातळीही सहसा कमी असते, त्यामुळे त्याची वरची आणि खालची कड आलेखात स्पष्ट उमटते.

दोन्ही संशय फिटले तर उरतो प्रस्तरभंग, ज्याला खाणीत सगळे फॉल्टच म्हणतात. जमीन तिथे चिरून एक बाजू खाली सरकलेली असते. आसपास आणखी बोअर असतील तर प्रत्येकाचं प्रतलापासूनचं अंतर चिन्हासकट नकाशावर मांडायचं. अधिक-वजा चिन्हं विखुरलेली असतील आणि आकडे लहान असतील, तर थर थोडासा उंचसखल आहे, काळजी नाही. मधे अधिक आणि कडेला वजा, किंवा उलटं, असेल तर थर घडी पडल्यासारखा वाकलेला आहे. पण एका रेषेच्या अलीकडे सगळे शून्याजवळ आणि पलीकडे सगळे पाच-सहा मीटर खाली, असं दिसलं की त्या रेषेवर फॉल्ट आहे असं समजावं. पुढे अलीकडच्या बाजूला एक समीकरण आणि पलीकडच्या बाजूला दुसरं. ह्याच कारणाने, बोअर पुष्कळ असताना सगळ्यांमधून सरासरीचं एकच प्रतल बसवून मोकळं होणं फसवं ठरतं. संगणक वर्गांची बेरीज कमीत कमी करून झटक्यात उत्तर देतो, पण तो फॉल्टची सहा मीटरची पायरी उतारात मिसळून टाकतो. चिन्हांचा नकाशा न पाहता नुसती सरासरी चूक पाहणाऱ्याला ती पायरी दिसत नाही.

आणखी एक गोष्ट बोअरच्या जागा ठरवतानाच बिघडू शकते. तीन बोअर एका रेषेत आले तर प्रतल ठरतच नाही. गणित भागिले शून्यावर येऊन थांबतं, आणि ते एक प्रकारे बरंच, कारण चूक निदान कळते. घात होतो तो तिन्ही जवळजवळ एका रेषेत असले तर. रस्त्याच्या कडेने यंत्र नेणं सोपं म्हणून असं खरोखर होऊ शकतं. समजा तिसरा बोअर पहिल्या दोघांच्या रेषेपासून २४० नव्हे, फक्त १० मीटर बाजूला आहे, आणि थराची उंची नोंदवण्यात अर्ध्या मीटरची चूक झाली. २४० मीटरवर अर्धा मीटर म्हणजे उतारात नगण्य फरक. १० मीटरवर अर्धा मीटर म्हणजे दर मीटरला पाच सेंटिमीटर. तोच उतार धरून ३०० मीटर पुढे गेलो तर थर १५ मीटरने चुकतो. उत्तर दोन्ही वेळा सारखंच नीटनेटकं दिसतं. म्हणून सूत्राकडे वळण्याआधी बोअरच्या त्रिकोणाचा आकार पाहावा. तो ऐसपैस हवा, चपटा नको.

सूत्राचा एक रोजचा उपयोगही सांगायला हवा, कारण पैशांचा हिशेब तिथे असतो. बोअरमध्ये कोळशाची उभी जाडी साडेसहा मीटर भरली. पण थराची खरी जाडी म्हणजे त्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन समांतर प्रतलांमधलं लंब अंतर. वरच्या पृष्ठभागाचं समीकरण ३x + ४y + १२z = १६३८; दोन्ही आकड्यांत फरक ७८, तेराने भागून ६ मीटर. उभ्या जाडीला थराच्या कलत्या क्षेत्रफळाने गुणलं तर नसलेला कोळसा हिशेबात येतो. उभी जाडी घ्यायची तर क्षेत्रफळही नकाशावरचं आडवं घ्यावं, खरी जाडी घ्यायची तर कलतं. दोघांची सरमिसळ केली की साठा ह्या उदाहरणात आठ टक्क्यांहून जास्त फुगतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र समीकरण अचूक असूनही घात होऊ शकतो. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या क्वेक्रीक खाणीत २४ जुलै २००२ च्या रात्री कामगारांनी शेजारच्या सॅक्समन ह्या बंद पडलेल्या खाणीची भिंत फोडली आणि तिथलं पाणी आत घुसलं. त्यांच्या हाती असलेल्या नकाशाप्रमाणे ती खाण बरीच दूर होती; तिचं शेवटचं खोदकाम त्या नकाशावर आलेलंच नव्हतं. नऊ जण अडकले. वरून बोअर मारून आधी त्यांच्यापर्यंत हवा पोहोचवली, मग रुंद विवर खोदून २८ जुलैला नऊही जणांना जिवंत बाहेर काढलं. थर कुठे आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. थरात माणूस कुठवर पोहोचून गेला होता, ते ठाऊक नव्हतं.

म्हणून साठ मीटरच्या आत काम न्यायची परवानगी मिळाली, तरी आपला नियम केवळ नकाशावर आणि हिशेबावर विसंबू देत नाही. कामाच्या तोंडावर मधोमध आणि दोन्ही बगलांना पुढे भोकं पाडत, चाचपत जायचं असतं, आणि ती भोकं कामाच्या निदान तीन मीटर पुढे असावी लागतात. एखाद्या भोकातून पाणी झिरपू लागलं तर काम तिथेच थांबतं. कोरडी निघालेली भोकं पुढची वाट तेवढी मोकळी करतात. आणि एखादं भोक वर, कलत्या थरापर्यंत नेलेलं असेल, तर ते कुठल्या उंचीला थराला टेकलं हा आकडा सर्व्हे ऑफिसात जातो. तिथे त्याचे x, y, z पदावलीत टाकले जातात आणि १५६० शी ताडून पाहिले जातात.